अक्षराएवढे चित्र

मोबाइलवर आलेल्या संदेशात शब्दांच्या शेजारी एखादा हसरा पिवळा चेहरा दिसतो. छायाचित्र पाठवावे तसा तो पाठवलेला असतो, असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात पाठवणाऱ्याच्या फोनमधून चित्र निघतच नाही, निघतो तो केवळ एक क्रमांक. युनिकोड या जागतिक अक्षरसंचात ‘क’ या अक्षराला जसा U+0915 हा क्रमांक दिलेला आहे, तसा दात दिसतील असे हसणाऱ्या एका चेहऱ्याला U+1F601 हा क्रमांक आहे. हा क्रमांक दुसऱ्या फोनवर पोहोचतो आणि तेथील फॉन्ट, म्हणजे अक्षरांच्या आकृत्यांची संगणकीय पेटी, त्या क्रमांकासमोर नोंदवलेली आकृती पडद्यावर उमटवते. ‘इमोजी’ हा शब्दही हेच सांगतो. जपानी भाषेत ‘ए’ म्हणजे चित्र आणि ‘मोजी’ म्हणजे अक्षर.

आकृती घेणाऱ्याच्या फॉन्टमधून येते, त्यामुळे पाठवणाऱ्याने पाहिलेला चेहरा आणि वाचणाऱ्याला दिसणारा चेहरा वेगळे असू शकतात. याच U+1F601 चे उदाहरण बोलके आहे. २०१६ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी वेगवेगळ्या कंपन्यांच्या फॉन्टमधील हा चेहरा लोकांना दाखवला. बहुतेक फॉन्टमधील चेहरा आनंदी वाटला, परंतु ॲपल कंपनीच्या फॉन्टमधील त्या वेळचा चेहरा अनेकांना दात आवळून त्रास सोसणाऱ्या माणसाचा वाटला. आनंदाने पाठवलेला चेहरा नाराजीचा म्हणून वाचला जावा, इतका हा फरक होता. त्याच वर्षी कंपनीने तोंडाचा आकार बदलून हसू स्पष्ट केले. एवढ्याशा आकृतीतील एका वक्ररेषेवर अर्थ अवलंबून असतो, म्हणून तिची आखणी कशी होते हे पाहण्यासारखे आहे.

सर्वांत अडचणीच्या जागेपासून आरंभ करू. १९९९ मध्ये जपानमधील एनटीटी डोकोमो या कंपनीच्या मोबाइल सेवेसाठी शिगेताका कुरिता यांनी १७६ इमोजी तयार केले. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २०१६ मध्ये ते आपल्या संग्रहात घेतले. प्रत्येक चित्रासाठी त्यांच्याजवळ १२ आडव्या आणि १२ उभ्या, म्हणजे एकूण १४४ चौकोनांची जागा होती. यातील प्रत्येक चौकोन म्हणजे पडद्यावरचा एक ठिपका; त्याला पिक्सेल म्हणतात. इतक्या जागेत काय मावते ते पुढील आकृतीवरून कळेल. ही आकृती कुरिता यांची नव्हे, केवळ समजावण्यासाठी येथे आखली आहे.

```
....####....
..##....##..
.#........#.
.#........#.
#...#..#...#
#...#..#...#
#..........#
#..#....#..#
.#..####..#.
.#........#.
..##....##..
....####....
```

यात डोळ्यांना चार चौकोन आणि तोंडाला सहा चौकोन मिळाले आहेत. तोंडाच्या दोन टोकांचे चौकोन वरून आठव्या ओळीत आहेत. तेवढेच दोन चौकोन उचलून दहाव्या ओळीत ठेवले, तर चेहरा रडवेला होतो. १४४ पैकी अवघ्या दोन चौकोनांनी भाव उलटतो! आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. बारा ही समसंख्या असल्यामुळे चेहऱ्याची मध्यरेषा सहाव्या आणि सातव्या स्तंभांच्या मधून जाते. तिच्यावर एकही चौकोन पडत नाही. म्हणून एका चौकोनाचे नाक येथे ठेवताच येत नाही, ते डावीकडे किंवा उजवीकडे सरकलेले दिसते. आखणी करणाऱ्याला मग नाक गाळावे लागते. साधेपणा ही येथे आवड नसून गरज आहे.

आजचे फॉन्ट चौकोन भरून काढले जात नाहीत. आकृतीची कड वक्ररेषांनी आखतात आणि ती कड एका काल्पनिक चौरसावर मोजतात. या चौरसाची बाजू बहुधा २०४८ भागांची धरतात. संगणक या मापांना लहानमोठे करून हव्या त्या आकारात आकृती उमटवतो. कड कितीही वाढवली तरी ती गुळगुळीत राहते. लहान करताना मात्र जुनी अडचण पुन्हा उभी राहते.

समजा, हसऱ्या तोंडातील दोन दातांमध्ये ४० भाग जाडीची एक गडद रेषा आखली आहे. चेहरा ६४ पिक्सेल उंचीचा दाखवला, तर प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला ३२ भाग येतात. आपली रेषा एका पिक्सेलहून थोडी जाड ठरते आणि नीट दिसते. तोच चेहरा १६ पिक्सेल उंचीचा दाखवला, तर एका पिक्सेलमध्ये १२८ भाग मावतात आणि रेषा पिक्सेलच्या तिसऱ्या हिश्शाहूनही बारीक होते. एका पिक्सेलला एकच रंग दाखवता येतो. म्हणून संगणक दातांचा पांढरा आणि रेषेचा गडद रंग प्रमाणात मिसळून मधला करडा रंग देतो. अशा चार-पाच रेषा असतील, तर दातांची रांग दिसण्याऐवजी तोंडात मळकट पट्टा दिसू लागतो. म्हणून कसलेला रेखाटनकार सुटे दात काढत नाही, तो एकच पांढरी पट्टी काढतो आणि भाव व्यक्त करण्याचे काम ओठांच्या वळणावर सोपवतो. डोळेही प्रत्यक्षातील प्रमाणापेक्षा मोठे घेतो. पिवळा रंग पांढऱ्या पडद्यावर विरून जातो, म्हणून चेहऱ्याच्या कडेला पुष्कळदा किंचित गडद नारिंगी छटा देतात.

आताच्या फोनचे पडदे फार दाट पिक्सेलांचे असतात, मग ही काळजी कशाला, असा प्रश्न येथे पडेल. दाट पडद्यामुळे कडांचा खडबडीतपणा जातो हे खरे. परंतु ओळीतील इमोजी अखेर अक्षराएवढाच, काही मिलिमीटरांचा असतो. रेषा स्वच्छ उमटली, तरी हातभर अंतरावरून ती डोळ्याला वेगळी जाणवली पाहिजे. म्हणून मोठ्या आकारात रेखाटलेला चेहरा लहान करून, गडद आणि फिक्या अशा दोन्ही पार्श्वभूमींवर, इतर चेहऱ्यांच्या शेजारी ठेवून पाहावा लागतो. शेजारच्या चेहऱ्याशी त्याची गल्लत झाली, तर तपशील वाढवून भागत नाही. उलट एखादा तपशील काढावा लागतो.

आता रंगांकडे वळू. साध्या अक्षराच्या आकृतीत रंग नसतोच. फॉन्ट फक्त कड सांगतो. तिच्या आत शाई कोणती भरायची ते लिहिणारा ठरवतो. मग पिवळा चेहरा आणि तपकिरी डोळे एकाच अक्षरात कसे येतात? एक उपाय असा की, आकृतीला रंगांप्रमाणे वेगळे करून एकावर एक ठेवायचे. रांगोळीत आधी मोठा आकार एका रंगाने भरतात आणि त्यावर दुसऱ्या रंगाच्या रेघा ओढतात, तसाच हा क्रम आहे. फॉन्टच्या फाइलमध्ये यासाठी दोन तक्ते असतात. CPAL या तक्त्यात रंगांची यादी असते आणि COLR या तक्त्यात कोणती आकृती कोणत्या क्रमाने व कोणत्या रंगात ठेवायची याची नोंद असते. सर्वांत खालचा थर प्रथम लिहितात.

अंगठा वर केलेल्या हाताचे उदाहरण घेऊ. त्याचा क्रमांक U+1F44D आहे. २०१५ पासून युनिकोडमध्ये त्वचेच्या पाच वर्णछटांची चिन्हे आहेत. हाताच्या क्रमांकापाठोपाठ छटेचा क्रमांक आला की फॉन्ट दोन्हींच्या जागी एकच रंगीत हात दाखवतो. क् आणि ष जवळ येताच फॉन्ट ‘क्ष’ दाखवतो, त्याच प्रकारची ही योजना आहे. मूळ पिवळा धरून हाताची सहा रूपे झाली. प्रत्येक रूपात तीन थर आहेत असे मानू: पूर्ण हाताचा आकार, त्यावरील सावली आणि बोटांमधील रेघा. सहा रूपांचे अठरा थर होतात. पण आकृत्या तीनच लागतात, कारण सहाही हातांचा आकार एकच आहे, बदलतो तो फक्त रंग. एका थराची नोंद ४ बाइट घेते, म्हणजे १८ थरांना ७२ बाइट पुरतात. प्रत्येक रूपाच्या आरंभाची नोंद ६ बाइटांची असते, तिचे ३६ झाले. अठरा रंगांना प्रत्येकी ४ याप्रमाणे आणखी ७२. एकूण १८० बाइटांत सहा हातांच्या रंगांची व्यवस्था झाली. तीन आकृत्यांच्या कडांना आणि हाताची रूपे जुळवणाऱ्या नोंदींना काही जागा लागते, पण प्रत्येक कड एकदाच साठवावी लागते.

थर रचताना एक चूक वारंवार होते. दोन रंगांच्या कडा नेमक्या एकमेकींना भिडवून ठेवल्या, तर सांध्याच्या पिक्सेलमध्ये दोन्ही थर अर्धवट पडतात आणि मागच्या पडद्याचा रंग मधून डोकावतो. केसाएवढी फिकी रेघ दिसते. म्हणून खालचा थर वरच्याच्या खाली थोडा सरकू देतात. वर सांगितलेला पूर्ण हाताचा आकार तळाशी अखंड ठेवला आहे तो याचसाठी.

या पद्धतीची मर्यादा उघड आहे. प्रत्येक थर सपाट, एकाच रंगाचा असतो. एका रंगातून दुसऱ्यात हळूहळू उतरणारी छटा तिच्यात नव्हती. २०२१ मध्ये ठरलेल्या COLR च्या सुधारित आवृत्तीत अशा छटा, तसेच एकच आकृती फिरवून किंवा सरकवून पुन्हा वापरण्याची सोय आली. दुसरा मार्ग म्हणजे तयार रंगीत चित्रेच फॉन्टमध्ये भरणे. ॲपलच्या इमोजी फॉन्टमध्ये एकाच चित्राच्या अनेक आकारांच्या प्रती असतात. गूगलच्या नोटो इमोजी फॉन्टच्या एका रूपात प्रत्येक चित्र १३६ बाय १२८ पिक्सेलांचे आहे, म्हणजे एका चित्रात १७,४०८ ठिपके होतात. ते दाबून साठवले तरी शेकडो चित्रांमुळे फाइल मोठी होते. मात्र त्यात हवी तितकी सूक्ष्म छटा मिळते.

आपल्या पडद्यावर यांपैकी काय चालले आहे, हे पाहूनही ओळखता येते. इमोजी खूप मोठा केल्यावर त्याच्या कडा धूसर किंवा पायऱ्यांसारख्या झाल्या, तर फॉन्टमध्ये तयार चित्रे भरलेली आहेत. कडा रेखीव राहिल्या, तर वक्ररेषांचे थर आहेत. रंगीत चेहऱ्याऐवजी काळ्या रेषांचा चेहरा दिसला, तर बहुधा त्या प्रणालीला रंगाचे तक्ते वाचता येत नाहीत, म्हणून तिने रंगाविना असलेली मूळ आकृती दाखवली आहे. चांगल्या फॉन्टमध्ये ही मूळ आकृतीही स्वतंत्रपणे, जाड व साध्या रेषांनी आखलेली असते. अंगठ्याच्या शेजारी वर्णछटेचा वेगळा चौकोनी ठिपका दिसला, तर ती जोडी जुळवण्याची नोंद फॉन्टमध्ये नाही. आणि केवळ रिकामी चौकट दिसली, तर क्रमांक बहुधा व्यवस्थित पोहोचलेला असतो; त्या क्रमांकासमोरची आकृती मात्र त्या फोनमधील फॉन्टमध्ये अजून भरलेली नसते.