ओटीपी क्लायंटच्या हाती, फाइल कार्यालयात

महिन्याची 14 तारीख आली की कर सल्लागारांच्या कार्यालयांत जीएसटी पोर्टलवर धांदल सुरू होते. त्या दिवशी GSTR-2B तयार होते. खरेदीवर किती इनपुट क्रेडिट मिळू शकेल, ते या तक्त्यावरून कळते. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांना 20 तारखेपर्यंत GSTR-3B भरायचे असते. हातात जेमतेम आठवडा आणि क्लायंट शंभर. मग कोणीतरी सुचवतो, ‘लॉगिन करून फाइल उतरवणारी स्क्रिप्टच लिहू.’

अशी स्क्रिप्ट पानावरची खूण शोधून तिथे युजरनेम आणि पासवर्ड भरते. पानाची मांडणी बदलली की ती खूण सापडत नाही. कॅप्चा तर यंत्राला अडवण्यासाठीच असतो. शिवाय ओटीपी जातो क्लायंटच्या मोबाइलवर. तो मिळवण्यासाठी व्हॉट्सॲपवर विचारणा होते किंवा क्लायंटच्या फोनमध्ये मेसेज वाचणारे ॲप बसवले जाते. त्या ॲपला मग बँकेचे ओटीपीही दिसू शकतात.

स्क्रिप्ट बंद पडली तर निदान कळते तरी. ती चुकीची फाइल आणते तेव्हा खरी अडचण होते. समजा, सत्र मध्येच संपले आणि पोर्टलने लॉगिनचे पान पाठवले. स्क्रिप्ट तेच `2B.json` या नावाने जपून ठेवते. फाइल उघडली की सुरुवातीला `{` ऐवजी `<!DOCTYPE html>` दिसते. कधी मागच्याच महिन्याची फाइल पुन्हा उतरते आणि ताळमेळ चुकतो. म्हणून `gstin` आणि `rtnprd` या दोन नोंदी तपासल्याशिवाय आकड्यांना हात लावू नये. ऑगस्ट 2025 साठी `rtnprd` मध्ये `082025` असायला हवे.

कमी क्लायंट असतील, तर लॉगिन माणसानेच करावे. क्लायंटने किंवा त्याच्यासमोर बसलेल्या कर्मचाऱ्याने फाइल उतरवून ठरलेल्या फोल्डरमध्ये टाकावी. स्क्रिप्टचे काम तिथून पुढे सुरू व्हावे: फाइल तपासायची, खरेदी नोंदवहीशी जुळवायची, न जुळलेल्या बिलांची यादी काढायची. बराच वेळ याच कामात जातो आणि त्याला पासवर्ड लागत नाही.

क्लायंट जास्त असतील, तर अधिकृत वाट आहे: ‘जीएसटी सुविधा पुरवठादार’ कंपन्यांमार्फत मिळणारे एपीआय. करदाता पोर्टलवर स्वतः लॉगिन करतो, प्रोफाइलमधल्या ‘Manage API Access’ मध्ये परवानगी देतो आणि तिची मुदत निवडतो. मग सॉफ्टवेअरमधून मागवलेला ओटीपी एकदा दिला की मुदतीपुरते टोकन मिळते. त्यानंतर माहिती ठरलेल्या साच्यात येते, त्यामुळे पोर्टलचे पान बदलले तरी काम अडत नाही. पासवर्ड करदात्याकडेच राहतो आणि परवानगी त्याला केव्हाही बंद करता येते.

या सेवेला पैसे पडतात. मुदत संपली की क्लायंटला पुन्हा ओटीपी द्यावा लागतो, म्हणून ती तारीख आधीच नोंदवून ठेवावी. टोकनही पासवर्डइतकेच जपावे लागते.

ज्यांच्या कार्यालयात क्लायंटच्या पासवर्डांची एक्सेल फाइल आहे, त्यांनी येत्या 14 तारखेपूर्वी या दोनपैकी एक पद्धत सुरू करावी आणि ती फाइल पुसून टाकावी.