बेरीज बरोबर, तास गायब

एका छोट्या वर्कशॉपचं आठवड्याचं मस्टर एक्सेलमध्ये भरलंय असं समजा. एका कामगाराचे तास असे: सोमवारी ८:००, मंगळवारी ८:३०, बुधवारी ९:००, गुरुवारी ८:००, शुक्रवारी ९:१५ आणि शनिवारी ८:१५. कागदावर बेरीज केली तर बरोबर ५१ तास होतात. शीटमध्ये मात्र खालच्या सेलमध्ये `=SUM(B2:B7)` लिहून एंटर दाबलं, की `3:00` दिसतं. आठवडाभर राबलेल्या माणसाच्या नावापुढे तीन तास! त्याच्या शेजारच्याने रोज नेमके आठ तास भरले असतील, एकही खाडा केला नसेल, तर त्याची गत आणखी वाईट. त्याच्यापुढे येतं `0:00`.

मस्टर भरणारा सूत्र पुन्हा तपासतो. सेल बरोबर निवडलेले असतात, एकही दिवस सुटलेला नसतो. आणि गंमत म्हणजे बेरीजही चुकलेली नसते. चुकतं ते फक्त दाखवणं.

एक्सेल वेळसुद्धा साध्या आकड्यातच साठवतं. पूर्ण दिवस म्हणजे १, बारा तास म्हणजे ०.५, सहा तास म्हणजे ०.२५. आपण `8:30` टाइप करतो तेव्हा आत दिवसाचा तेवढा अपूर्णांक जातो आणि वर घड्याळाचं रूप चढतं. तारखाही याच हिशेबात बसवल्या आहेत: १ म्हणजे १ जानेवारी १९००, २ म्हणजे २ जानेवारी, असं पुढे. (या दिनदर्शिकेत १९०० हे लीप वर्ष धरलंय, जे ते नव्हतं. चूक मुळात लोटस १-२-३ या जुन्या प्रोग्रॅमची. त्याच्या फायलींशी मेळ राहावा म्हणून एक्सेलने ती जाणूनबुजून तशीच ठेवली.)

आता आपले ५१ तास भागिले २४, म्हणजे २.१२५ दिवस. सेलमध्ये खरोखर हाच आकडा असतो. पण सेलचं फॉरमॅट असतं `h:mm`, आणि ते फॉरमॅट ‘किती वाजले’ एवढंच सांगतं. पूर्ण दोन दिवस त्याच्या दृष्टीने तारखेचा भाग, म्हणून ते गाळतं. उरलेल्या ०.१२५ चे होतात पहाटेचे तीन. खात्री करायची तर त्या सेलचं फॉरमॅट क्षणभर General करून पाहावं, `2.125` समोर येतं. तारीख आणि वेळ असं दोन्ही दाखवायला लावलं, तर २ जानेवारी १९०० ची पहाट दिसते.

उपाय दोन चौकटी कंसांचा आहे. बेरजेच्या सेलवर उभं राहून Ctrl+1 दाबायचं, Number टॅबमध्ये Custom निवडायचं आणि Type च्या चौकटीत हे लिहायचं:

```
[h]:mm
```

कंसातला `h` म्हणजे ‘तास मोजत जा, चोवीसला थांबू नकोस’. लगेच `51:00` दिसतं. आतला आकडा तसूभरही बदललेला नसतो. गूगल शीट्समध्ये हेच काम Format, मग Number, मग Duration असं गेल्यावर होतं. विशेष म्हणजे रिकाम्या सेलमध्ये हातानेच `51:00` टाइप केलं, तर एक्सेल आपण होऊन कंसवालं फॉरमॅट लावतं. बेरजेला मात्र ते वरच्या सेलचं `h:mm` देतं, कारण वरचे सगळे आकडे चोवीसच्या आतले असतात.

पैशांच्या रकान्यात घोटाळ्याचं रूप बदलतं. दर तासाला ९० रुपये असेल तर मजुरी व्हायला हवी ४,५९०. `=B8*90` लिहिलं तर २.१२५ दिवसांना ९० ने गुणलं जाऊन १९१.२५ येतात. इथे कंसवालं फॉरमॅट कामाचं नाही, कारण गुणाकार आतल्या आकड्याचा होतो. दिवसांचे तास करून घ्यावे लागतात:

```
=B8*24*90
```

उत्तराचा सेल वेळेच्या रूपात आला, तर त्याला Number फॉरमॅट द्यायचं. काही जण `=HOUR(B8)*90` लिहितात, आणि तो सगळ्यात फसवा मार्ग. `HOUR` घड्याळातला तासच उचलतं, म्हणून ३ गुणिले ९० असे २७० रुपये येतात. १९१.२५ पाहून निदान शंका येते. २७० हा अर्ध्या दिवसाच्या मजुरीसारखा, पटण्याजोगा आकडा आहे.

आकडा शीटमध्ये आहे तोवर काही बिघडलेलं नसतं, फॉरमॅट बदललं की सगळं परत मिळतं. खरं नुकसान तो शीटबाहेर पडताना होतं. पगाराच्या सॉफ्टवेअरला द्यायला फाइल सीएसव्हीमध्ये सेव्ह केली, की एक्सेल त्यात सेलमध्ये दिसणारा मजकूर लिहितं, आतला आकडा नाही. २.१२५ संपला, फाइलमध्ये `3:00` उरलं. तक्ता कॉपी करून वर्डमध्ये चिकटवला तरी तेच. म्हणून फॉरमॅट आधी दुरुस्त करायचं आणि मगच फाइल पुढे धाडायची. त्याहून बरं म्हणजे शेजारी `=B8*24` चा साधा रकाना ठेवून त्यातला ५१ पाठवावा. तो कोणत्याही प्रोग्रॅमला समजतो.

आपल्याकडे आणखी एक सवय यात भर घालते. साडेआठ आपण हाताने ८.३० असं टिंब देऊन लिहितो आणि तेच कीबोर्डवरही येतं. एक्सेलला टिंब म्हणजे दशांश. त्याच्या लेखी ते झाले ८.३ दिवस. सेलला `h:mm` फॉरमॅट असेल तर आठ दिवस गळतात आणि ०.३ दिवसाचे `7:12` दिसतात. सात तास बारा मिनिटं ही हजेरीतली अगदी शक्य असलेली नोंद, त्यामुळे डोळा त्यावरून सरकतो. रोजच्या सेललाही `[h]:mm` दिलं असेल तर तिथे `199:12` उभं राहतं आणि कोणाच्याही नजरेत भरतं. म्हणून मी तरी कंस फक्त बेरजेला न देता अख्ख्या रकान्याला द्यावा याच मताची आहे.

जुन्या फायली तपासताना बेरीज तिच्या वरच्या एखाद्या नोंदीपेक्षा लहान दिसली, की समजावं तास गळलेत. पण उलट खरं नाही. २६ दिवस रोज आठ तास, म्हणजे २०८ तासांचा महिना `16:00` असा दिसतो, आणि तो प्रत्येक दिवसापेक्षा मोठाच असतो. एक्सेलची मूळ फाइल असेल तर प्रश्न मिटतो. हाती फक्त सीएसव्हीतली बेरीज राहिली असेल, तर `16:00` म्हणजे १६ तास, ४०, ६४ की २०८, हे त्या आकड्यावरून ठरवता येत नाही. तेव्हा रोजच्या नोंदी असलेलं मस्टरच पुन्हा उघडावं लागतं.