तीनशे फ्रेमपैकी एक

वाहतूक कोंडीच्या बातमीसाठी चौकात घेतलेला बारा सेकंदांचा एक शॉट समजा. सिग्नलला स्कूटरवर एक बाई थांबली आहे. तिचा चेहरा आणि नंबरप्लेट, दोन्ही स्पष्ट दिसतात. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर या शॉटमध्ये ३०० फ्रेम होतात. त्यांतली एक जरी उघडी राहिली तरी ओळख पटते, कारण पाहणारा व्हिडिओ थांबवून एकेक फ्रेम पुढे सरकवू शकतो.

इतक्या फ्रेम हाताने झाकायच्या नसतात. ते काम ट्रॅकर करतो. ‘दाविंची रिझॉल्व्ह’मध्ये एडिटर चेहऱ्याभोवती लंबगोल मास्क आखतो आणि ट्रॅकर त्या भागातली ठेवण ओळखून मास्क चेहऱ्यामागे नेतो. सुरुवात शॉटच्या पहिल्या फ्रेमपासून करू नये. चेहरा जिथे सर्वांत मोठा आणि ठळक असेल, तिथे मास्क आखावा आणि तिथून पुढे व मागे, दोन्हीकडे ट्रॅक करावं. केस आणि कानही मास्कच्या आत असावेत.

घोटाळा होतो तो मध्ये एसटी आल्यावर. चेहरा दोन सेकंद झाकला जातो, ट्रॅकरला बसचा पत्रा सापडतो आणि मास्क बसबरोबर निघून जातो. बस सरते तेव्हा बाईंचा चेहरा उघडा! अशा वेळी बस आडवी येते त्या फ्रेमपासून पुढचं ट्रॅकिंग पुसायचं, चेहरा पुन्हा दिसेल तिथे मास्क हाताने बसवायचा आणि तिथून नव्याने ट्रॅक करायचं.

मास्क जागेवर असला तरी आतला ब्लर पुरेसा असतोच असं नाही. २००७ मध्ये इंटरपोलने शोधलेल्या एका आरोपीने फोटोतला आपला चेहरा भोवऱ्यासारखा फिरवून लपवला होता. जर्मन पोलिसांच्या तज्ज्ञांनी तो उलटा फिरवून परत मिळवला. तिथे ते योग्यच झालं, पण पीडितेच्या चेहऱ्याबाबतही असंच घडू शकतं. नंबरप्लेटचा धोका आणखी मोठा. तिच्यावर ठरावीक साच्यातली मोजकी अक्षरं आणि आकडे असतात, त्यामुळे मोठ्या चौकोनांच्या मोझेकमधूनही अंदाज बांधता येतो. प्लेटवर सरळ एकरंगी पट्टी टाकणं सर्वांत सुरक्षित. मास्कची कड फार मऊ ठेवली तर कडेचे आकडे तसेच वाचता येतात.

लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे. अशा फुटेजमध्ये चेहऱ्याइतकंच आवाज, घराची पाटी आणि काचेतलं प्रतिबिंबही तपासावं लागतं.

शेवटची तपासणी टाइमलाइनवर नाही, एक्स्पोर्ट झालेल्या फाइलवर करावी. दोन शॉट एकमेकांत विरघळवले असतील तर कापलेल्या जागेपलीकडच्या काही फ्रेमही पडद्यावर येतात. एडिटरने मास्क कापलेल्या जागेपर्यंतच ट्रॅक केला असेल, तर नेमक्या त्याच फ्रेममध्ये चेहरा उघडा पडतो.