मेंटेनन्स वाढला, पण किती आणि कशासाठी?

सोसायटीच्या फलकावरची ही नोटीस बघा: ‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की, वाढत्या महागाईमुळे मेंटेनन्समध्ये योग्य ती वाढ करण्यात आली आहे. तरी सदर रक्कम मुदतीत भरून सहकार्य करावे.’ योग्य म्हणजे किती? मुदत कुठली? संध्याकाळपर्यंत सेक्रेटरींचा फोन खणखणू लागतो, आणि लोक भांडतात ते वाढीपेक्षा संशयापोटी.

समजा, सोसायटी ४० सदनिकांची आहे. मेंटेनन्स महिना २,८०० होता, तो ३,२५० झाला. ही ४५० रुपयांची वाढ फोडून दाखवता येते. सुरक्षारक्षकांच्या एजन्सीचं बिल ३६,००० वरून ४६,००० वर गेलं. वाढलेले १०,००० चाळीस घरांत वाटले की घरटी २५०. लिफ्टच्या देखभालीचा वार्षिक करार ४८,००० नी महागला, म्हणजे महिन्याला ४,०००, घरटी १००. जिना, पंप, आवारातले दिवे यांची वीजही तेवढीच वाढली, म्हणून आणखी १००. हे तीन आकडे छापले की ‘महागाई’ हा शब्द लागतच नाही.

‘माझा फ्लॅट लहान, मी सारखेच का देऊ?’ हा प्रश्न हमखास येतो. महाराष्ट्रातल्या आदर्श उपविधींनुसार सेवाशुल्क सर्व सदनिकांना समान असतं, लिफ्टचा खर्चही समान. पाणीपट्टी मात्र नळजोडांवर ठरते. एवढं एक वाक्य नोटिशीत घालावं. सिंकिंग फंड बदललेला नसेल तर तेही सांगावं, नाहीतर तोही वाढला असं धरून चालणारे निघतातच.

खरी गल्लत तारखांची होते. सर्वसाधारण सभेचा ठराव, नवा दर लागू होण्याचा दिवस आणि पैसे भरण्याची शेवटची तारीख या तिन्ही वेगळ्या लिहाव्यात. त्यात आगाऊ भरणाऱ्यांचा विचार बहुधा कुणी करत नाही. जुन्या दराने तिमाहीचे ८,४०० भरून मोकळे झालेल्यांना फरक मागायचा, तर तोही आकड्यात लिहायला हवा.

नव्या नोटिशीचा गाभा असा होईल:

‘१५ जूनच्या सर्वसाधारण सभेतील ठरावानुसार १ जुलैपासून प्रत्येक सदनिकेचा मेंटेनन्स दरमहा २,८०० ऐवजी ३,२५० रुपये राहील. जुलै ते सप्टेंबरचे ९,७५० रुपये ३१ जुलैपर्यंत भरावेत. आधीच ८,४०० भरलेल्यांनी याच तारखेपर्यंत फक्त १,३५० द्यावेत. उशीर झाल्यास सभेने ठरवलेले व्याज लागेल.’

व्याजाचा दरही छापावा. उपविधींनी घातलेल्या कमाल मर्यादेपेक्षा तो जास्त ठेवता येत नाही.

फलकावर लावण्याआधी हा मसुदा सभेला न आलेल्या एखाद्या सभासदाला वाचायला द्यावा आणि ‘तुम्ही किती, कधी भरणार?’ एवढंच विचारावं. त्याने ‘हे महिन्याचे की तीन महिन्यांचे?’ असं उलट विचारलं, तर तेवढी ओळ पुन्हा लिहावी.