तिकिटावरची वेळ कुठली? कनेक्टिंग विमानप्रवासाचे काही गैरसमज

जुन्नर-आंबेगावातल्या बऱ्याच घरांत आता अमेरिकेचं तिकीट पहिल्यांदा दिसतं ते व्हॉट्सअॅपवर. मुलगी किंवा जावई तिकडून बुकिंग करतात, स्क्रीनशॉट पाठवतात, आणि आळेफाट्याला बसलेले आईवडील चष्मा लावून आकडे वाचू लागतात. त्या आकड्यांतून घर सोडण्यापासून मुलीच्या दारापर्यंतचं वेळापत्रक मांडायचं, तर काही ठरावीक ठिकाणी हमखास घोळ होतो. एक नमुन्याचं तिकीट घेऊन ते नीट पाहू. मुंबईहून दोहा, तिथून शिकागो आणि शेवटी इंडियानापोलिस असा हा प्रवास आहे. कंपनीचं नाव आणि विमानांचे क्रमांक गाळले, तर स्क्रीनशॉटवर एवढंच उरतं:

```
BOM 04:05  15 Oct 2026  -  DOH 05:25  15 Oct
DOH 08:15  15 Oct 2026  -  ORD 15:15  15 Oct
ORD 19:20  15 Oct 2026  -  IND 21:30  15 Oct
```

गैरसमज: मधला थांबा काढायला दोन देशांच्या वेळांचं गणित करावं लागतं

उलट, थांबा काढणं हे या सगळ्यातलं सर्वांत सोपं काम आहे. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या-त्या विमानतळाच्या घड्याळाची असते. सुटण्याची वेळ सुटतो त्या गावची, पोचण्याची वेळ पोचतो त्या गावची. हा नियम जगभर एकच आहे. मग दोह्यात ५.२५ ला उतरायचं आणि ८.१५ ला निघायचं, या दोन्ही वेळा दोह्याच्याच घड्याळाच्या झाल्या. सरळ वजाबाकी करा, थांबा २ तास ५० मिनिटांचा. शिकागोत १५.१५ ला उतरून १९.२० ला निघायचं, थांबा ४ तास ५ मिनिटांचा. भारताची वेळ इथे मध्ये आणलीत, तर चूक होण्याची वाट मोकळी केलीत असं समजा. अनेक जण उतरण्याची वेळ भारतीय वेळेत बदलून घेतात, निघण्याची वेळ मात्र तशीच ठेवतात, आणि दोह्यातला पावणेतीन तासांचा थांबा त्यांना वीस मिनिटांचा दिसतो. मग मुलीला घाबरून फोन जातो.

वजाबाकी करताना तिकिटावर आडव्या ओळीत न वाचता तिरकं वाचायचं. वरच्या ओळीची उजवी वेळ आणि खालच्या ओळीची डावी वेळ, ही जोडी थांब्याची. दोन्हीकडे विमानतळाचं तीन अक्षरी नाव एकच आहे ना, आणि तारीख कोणती आहे, एवढं त्याच वेळी पाहून घ्यावं. तारीख बदलली असेल तर आधी मध्यरात्रीपर्यंतचे तास मोजावेत, मग पुढचे मिळवावेत.

गैरसमज: पोचण्याच्या वेळेतून सुटण्याची वेळ वजा केली की उड्डाणाचा काळ मिळतो

घड्याळांतला फरक लागतो तो इथे. दोह्याहून सकाळी सव्वाआठला सुटलेलं विमान शिकागोला त्याच दिवशी दुपारी सव्वातीनला उतरतं. कागदावर सात तास दिसतात, आणि हे पाहून ‘सात तासांत अमेरिका’ असं म्हणणारे भेटतात. प्रत्यक्षात आईवडिलांना पंधरा तास खुर्चीत काढायचे आहेत. औषधांच्या वेळा, मधुमेह असलेल्यांचं खाणं, पायांची सूज हे सगळं या पंधरा तासांवर ठरतं. म्हणून हा आकडा बरोबर काढणं मला फार गरजेचं वाटतं.

सोपी रीत अशी: प्रत्येक वेळ भारतीय वेळेत बदलून शेजारी लिहायची. दोहा आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. ऑक्टोबरच्या मध्यात शिकागो साडेदहा तास मागे, तर इंडियानापोलिस साडेनऊ तास मागे असतं. म्हणजे मुंबईहून पहाटे ४.०५ ला निघून दोह्यात उतरेपर्यंत आपल्याकडे सकाळचे ७.५५ झालेले असतील. उड्डाण ३ तास ५० मिनिटांचं. दोह्याहून निघताना आपल्याकडे १०.४५, शिकागोला उतरताना १६ तारखेचे रात्रीचे १.४५, म्हणजे बरोबर १५ तास. शिकागोहून निघताना पहाटेचे ५.५०, इंडियानापोलिसला पोचताना सकाळचे ७. शेवटचं विमान तिकिटावर २ तास १० मिनिटांचं दिसतं, पण आहे फक्त १ तास १० मिनिटांचं. शिकागो आणि इंडियानापोलिस शेजारशेजारच्या राज्यांत असली तरी दोघांची घड्याळं वेगळी आहेत.

आता ताळा करायचा. ३.५०, २.५०, १५.००, ४.०५ आणि १.१० ही तासमिनिटं मिळवली की २६ तास ५५ मिनिटं येतात. भारतीय वेळेनं १५ तारखेच्या पहाटे ४.०५ पासून १६ तारखेच्या सकाळी ७ पर्यंतही २६ तास ५५ मिनिटंच होतात. दोन्ही आकडे जुळले की तुमची बेरीज-वजाबाकी बरोबर आहे, पण एखाद्या गावाचा घड्याळफरक सगळीकडे सारखाच चुकीचा धरला असेल तर तो या ताळ्यात कळत नाही. बरोबर एका तासाचा फरक पडला, तर एकाच गावाच्या दोन वेळांना वेगवेगळा घड्याळफरक लावला गेलाय. चोवीस तासांचा पडला, तर तारीख.

गैरसमज: विमान १५ तारखेचं, म्हणजे निघायचं १५ तारखेला

सर्वांत महाग पडणारी चूक हीच. पहाटे ४.०५ म्हणजे आपल्या बोलण्यातली ‘१४ ची रात्र’. आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी पोचायचं, म्हणजे रात्री एकला सहारच्या टर्मिनल दोनवर हजर राहायचं. आळेफाट्याहून माळशेज घाट, मुरबाड, कल्याण या रस्त्यानं मुंबई विमानतळ दीडशेहून जास्त किलोमीटर आहे. घाट आणि कल्याणपुढची गर्दी धरून पाच तास तरी हाताशी ठेवावेत, शिवाय तासभर राखीव. म्हणजे बुधवारी, १४ ऑक्टोबरला, संध्याकाळी सातला गाडी फाट्यावरून हललेली असावी. वेळापत्रकाची पहिली ओळ हीच लिहावी आणि तिथे वारही घालावा. गाडीवाल्याला तारीख सांगताना ‘बुधवारी संध्याकाळी’ म्हटलं की चूक उरत नाही. पावसाळ्यातलं तिकीट असेल तर माळशेजमधलं धुकं आणि दरडी लक्षात घेऊन, घाट बंद झाल्यास नारायणगाव-चाकण-तळेगाव हा दुसरा रस्ता किती वाजेपर्यंत धरता येईल तेही ठरवून ठेवावं. चाकणच्या कोंडीसाठी वेगळा वेळ धरावाच लागतो.

गैरसमज: थांबा चार तासांचा, म्हणजे चार तास विश्रांती

दोह्यातला थांबा साधारण तसा असतो. तिकीट एकच असेल तर सामान परस्पर पुढच्या विमानात जातं, माणसांनी पुन्हा एकदा तपासणीतून जाऊन पुढचं गेट गाठायचं. पण गेट ८.१५ ला बंद होत नाही, त्याआधी पंधरा-वीस मिनिटं बंद होतं. अमेरिकेच्या विमानांना गेटवर जास्तीची तपासणीही असू शकते. म्हणून पावणेतीन तासांतले दोन-सव्वादोनच आपले.

शिकागोची गोष्ट वेगळी. अमेरिकेत ज्या विमानतळावर पहिल्यांदा उतरता तिथेच इमिग्रेशन होतं, आणि साधारणपणे सामानही तिथेच ताब्यात घ्यावं लागतं, मग बॅगांवर शेवटच्या गावाचा टॅग असला तरी. इमिग्रेशनची रांग, पट्ट्यावरून बॅगा उचलणं, कस्टम्स, लगेच पुढच्या विमानासाठी बॅगा परत देणं, आंतरराष्ट्रीय टर्मिनल पाचवरून विमानतळाच्या गाडीनं देशांतर्गत टर्मिनल गाठणं आणि तिथे नव्यानं सुरक्षा तपासणी, या क्रमानं चार तासांतला मोठा भाग जातो. ‘सामान इंडियानापोलिसलाच मिळेल’ असं समजून पुढे निघालेल्या माणसाची बॅग शिकागोच्या पट्ट्यावर राहते. म्हणून वेळापत्रकात शिकागोपुढे नुसतं ‘४ तास ५ मिनिटं’ न लिहिता ‘इथे बॅगा घ्यायच्या, परत द्यायच्या’ असं मराठीत ठळक लिहावं.

अजून एक गोष्ट स्क्रीनशॉटवरच तपासावी: तिन्ही विमानांवर सहा अक्षरांचा पीएनआर एकच आहे का. स्वस्त पडतं म्हणून शेवटचं विमान वेगळं काढलं असेल, तर पहिलं उशिरा आल्यावर दुसरी कंपनी थांबत नाही आणि नवं तिकीट सहसा आपल्या खर्चानं काढावं लागतं. अशा वेळी चार तासांचा थांबा अपुरा समजावा.

गैरसमज: जाताना काढलेला घड्याळाचा फरक येतानाही तोच

२०२६ मध्ये १ नोव्हेंबरला पहाटे दोन वाजता अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे जातात. आपल्याकडे आणि दोह्यात असा बदल नाही. त्यामुळे डिसेंबरात शिकागो साडेअकरा तास मागे, तर इंडियानापोलिस साडेदहा तास मागे असतं. समजा ५ डिसेंबरला परतायचं आहे. इंडियानापोलिसहून १४.३० ला निघून विमान शिकागोला १४.३५ ला उतरतं. पाच मिनिटांचं उड्डाण पाहून तिकीट चुकलंय असं वाटतं, पण ते १ तास ५ मिनिटांचं आहे. शिकागोहून १८.४५ ला निघून दोह्याला ६ तारखेला १७.१५, तिथून १९.४५ ला निघून मुंबईत ७ तारखेला पहाटे १.५५. जुना साडेदहा तासांचा फरक धरलात तर शिकागो-दोहा उड्डाण साडेतेराऐवजी साडेचौदा तासांचं निघेल. थांबे मात्र बरोबरच येतील, कारण ते एकाच घड्याळावर मोजलेले असतात. अपवाद एकच: अमेरिकेतला थांबा ३१ ऑक्टोबरच्या रात्रीतून १ नोव्हेंबरच्या पहाटेत जात असेल, तर वजाबाकीत एक तास वाढवावा लागतो.

तारखेच्या बाजूला ‘+1’ दिसतं, तेही नीट वाचावं. काही तिकिटांवर ते त्या विमानाच्या सुटण्याच्या दिवसापासून मोजलेलं असतं, तर काहींवर सबंध प्रवासाच्या पहिल्या दिवसापासून. वरच्या परतीत मुंबईची वेळ एका पद्धतीनं ‘+1’ आणि दुसऱ्या पद्धतीनं ‘+2’ दिसेल. खात्री वाराची करावी: सोमवारी पहाटे. म्हणजे आणायला जाणारी गाडी आळेफाट्याहून रविवारी, ६ डिसेंबरला, संध्याकाळीच निघायला हवी.

गैरसमज: स्क्रीनशॉट जपून ठेवला की काम झालं

स्क्रीनशॉट काढला त्या दिवशीच्या वेळा त्यात थिजलेल्या असतात. कंपनीनं नंतर वेळ बदलली तर बदल ईमेलवर येतो, चित्रात नाही. ज्याच्या ईमेलवर बुकिंग आहे त्यानं निघण्याच्या आठवडाभर आधी आणि पुन्हा आदल्या दिवशी कंपनीच्या साइटवर पीएनआर टाकून वेळा पडताळाव्यात. फॉरवर्ड होत आलेल्या चित्रात शून्य आणि ‘ओ’ एकसारखे दिसतात, म्हणून पीएनआर मजकूर म्हणून मागवून घ्यावा.

फोनच्या कॅलेंडरमध्ये शिकागोचं १९.२० चं विमान आळेफाट्याला बसून भरलंत, तर फोन ती भारतीय वेळ समजतो. शिकागोला उतरून फोनचं घड्याळ बदललं की तीच नोंद सकाळी ८.५० ची होते, आणि आठवण विमानात असतानाच वाजून गेलेली असते. नोंद करताना वेळेसोबत टाइम झोन शिकागोचा निवडावा लागतो. ते जमत नसेल तर वहीच्या पानावर स्थानिक वेळ मोठ्या अक्षरांत आणि शेजारी कंसात भारतीय वेळ लिहावी. प्रवासात वाचायची मोठी अक्षरं, आणि कंसातली वेळ घरी थांबलेल्यांनी कधी फोन करायचा हे पाहण्यासाठी.