विश्लेषण : डॉक्टरांची तोंडी ऑर्डर कागदावर कशी उतरते?

सर्पदंशाचा रुग्ण अत्यवस्थ असताना डॉक्टर केसपेपरवर लिहीत बसत नाहीत. ते तोंडी सांगतात आणि सिस्टर इंजेक्शन देतात. मात्र, नेमके कोणते औषध, किती आणि किती वाजता दिले, हे तासाभराने कागदावर कोण आणि कसे लिहिणार? आंबेगाव-जुन्नर परिसरातील रात्रीच्या एका प्रसंगाची कल्पना करून ही पद्धत समजून घेऊ.

तोंडी ऑर्डर कधी चालते?

डॉक्टरांनी स्वतः लिहून सही केलेली ऑर्डर हा नियम आहे. तोंडी ऑर्डर हा त्याला अपवाद. डॉक्टरांचे हात रुग्णाला वाचवण्यात गुंतलेले असतील किंवा ते निर्जंतुक हातमोजे घालून प्रक्रिया करत असतील, तेव्हाच तो चालतो. ओपीडीत गर्दी आहे किंवा पेन सापडत नाही, ही कारणे त्यात बसत नाहीत. कर्करोगाच्या केमोथेरपीसारखी औषधे तर तोंडी सांगण्यावरून सुरू करायचीच नाहीत, असा सर्वमान्य दंडक आहे.

समजा, अवसरी बुद्रुकमधील एका शेतकऱ्याला रात्री पिकाला पाणी देताना घोणस चावली. त्याला जवळच्या रुग्णालयात आणले. रक्त गोठत नसल्याचे २० मिनिटांच्या चाचणीत दिसले आणि सर्पविषावरील लस, म्हणजे एएसव्ही, सलाइनमधून सुरू झाली. ही ऑर्डर डॉक्टरांनी शांतपणे लिहून दिली होती. वेळ रात्री ९.४०. बारा मिनिटांत रुग्णाच्या अंगावर गांधी उठल्या, छातीत घरघर सुरू झाली आणि रक्तदाब घसरला. ही लसीची तीव्र अ‍ॅलर्जी होती. डॉक्टर रुग्णाच्या डोक्याशी उभे राहून मास्क धरून श्वास देत होते. इथून पुढची प्रत्येक ऑर्डर तोंडी होती.

ऐकण्यात चूक कुठे होते?

अशा वेळी पहिले औषध म्हणजे अ‍ॅड्रेनालिन. मोठ्या माणसाला ०.५ मिलिग्रॅम, मांडीच्या स्नायूत. अँप्युलमध्ये १ मिलीत १ मिलिग्रॅम औषध असते, म्हणून अर्धा मिली द्यायचे. पण त्याच इमर्जन्सी ट्रेमध्ये अ‍ॅट्रोपिनही असते. नाग किंवा मण्यार चावलेल्या रुग्णाला निओस्टिग्मिनबरोबर ते लागते. दोन्ही नावांची सुरुवात सारखी आणि अँप्युलही तेवढ्याच लहान. गोंधळात नावाचा शेवट ऐकू आला नाही, तर हाताला भलतेच औषध लागू शकते.

दुसरा धोका आकड्यांचा. ‘पॉइंट फाइव्ह’मधला ‘पॉइंट’ निसटला तर मात्रा दहापट होते. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ मास्कमधून सारखेच ऐकू येतात. म्हणून ‘वन-फाइव्ह’ असे अंक सुटे करून सांगायचे असतात. पंधरा आणि पन्नास असे मराठीत सांगितले तरी घोटाळा टळतो. तिसरा धोका मार्गाचा. स्नायूत द्यायची तीच मात्रा एकदम शिरेतून गेली, तर हृदयाचे ठोके धोकादायकरीत्या बिघडू शकतात.

रीड-बॅक म्हणजे नेमके काय?

‘हो सर’ म्हणणे म्हणजे रीड-बॅक नव्हे. त्यातून ऑर्डर ऐकली एवढेच कळते, काय ऐकले ते कळत नाही. आपल्या प्रसंगात डॉक्टर म्हणाले, ‘एएसव्ही बंद. अ‍ॅड्रेनालिन शून्य पॉइंट पाच मिलिग्रॅम, आयएम.’ सिस्टरांनी मोठ्याने उत्तर दिले, ‘एएसव्ही बंद केली. अ‍ॅड्रेनालिन, शून्य पॉइंट पाच मिलिग्रॅम, म्हणजे अर्धा मिली, मांडीत आयएम.’ डॉक्टर म्हणाले, ‘बरोबर.’ हा ‘बरोबर’ शब्द आल्यावरच सुई टोचायची. या सगळ्याला काही सेकंद लागतात.

फोनवरून ऑर्डर घेताना क्रम वेगळा असतो. तेव्हा हात मोकळे असतात, म्हणून आधी लिहायचे, मग लिहिलेलेच वाचून दाखवायचे आणि होकार घ्यायचा. अमेरिकेतील रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००३पासून रीड-बॅक हे रुग्णसुरक्षेचे उद्दिष्ट म्हणून लागू केले. समोरासमोरच्या धावपळीत लिहायला उसंत नसते. तिथे ऐकलेले उच्चारून घ्यावे लागते आणि लिखाण मागाहून होते.

मागाहून लिहिताना आधार कशाचा?

नुसत्या आठवणीवर भिस्त ठेवता येत नाही. धावपळीत दोन मिनिटे दहा मिनिटांसारखी वाटतात. म्हणून हाताशी तिसरा माणूस असेल, तर त्याच्याकडे कागद आणि घड्याळ द्यायचे. कोणी नसेल, तर सलाइनच्या बाटलीवरील चिकटपट्टीवर नुसती वेळ आणि औषध टिपले तरी चालते. घड्याळ मात्र एकच धरायचे. मॉनिटरची वेळ भिंतीवरच्या घड्याळापेक्षा चार मिनिटे पुढे असेल, तर औषध आधी दिले आणि ऑर्डर नंतर आली, असे कागदावर दिसते.

दुसरा भक्कम पुरावा म्हणजे रिकाम्या अँप्युल. त्या लगेच टाकून न देता किडनी ट्रेमध्ये बाजूला ठेवायच्या. आपल्या प्रसंगात नोंद करताना अ‍ॅड्रेनालिनच्या दोन अँप्युल निघाल्या, म्हणजे दोन डोस दिले गेले. सिस्टरांना एकच आठवत होता. दुसरा डोस ९.५९ला दिल्याचे चिकटपट्टीवर होते.

रुग्ण सावरल्यावर नोंद अशी झाली : ‘रात्री १०.३५. उशिरा नोंद. रात्री ९.५३ला ड्युटीवरील डॉक्टरांची तोंडी ऑर्डर : एएसव्ही बंद, अ‍ॅड्रेनालिन ०.५ मिलिग्रॅम, उजव्या मांडीत आयएम. रीड-बॅक केले, डॉक्टरांनी खात्री केली. लगेच दिले. ९.५९ला तोंडी ऑर्डरनुसार तोच डोस पुन्हा, रीड-बॅक करून डाव्या मांडीत.’ खाली सिस्टरांचे नाव आणि सही. घटनेची आणि लिखाणाची, अशा दोन्ही वेळा नोंदीत आहेत. आधीच्या ओळींमध्ये जागा शोधून ही नोंद घुसवायची नसते. लिहिताना चूक झाली, तर एक रेघ मारून सही करायची. व्हाइटनर वापरायचे नाही.

प्रतिस्वाक्षरी कोणाची आणि कधी?

ज्यांनी ऑर्डर दिली त्याच डॉक्टरांची. सकाळी ड्युटीवर आलेल्या दुसऱ्या डॉक्टरांनी सही केली, तर त्यांनी न दिलेल्या ऑर्डरची जबाबदारी ते घेतात आणि मूळ ऑर्डर अप्रमाणितच राहते. एनएबीएच मानांकनाच्या निकषांत यासाठी २४ तासांची मुदत आहे. पण ड्युटी संपण्याआधीच सही होणे उत्तम, कारण तेव्हा ट्रेमधल्या अँप्युल आणि चिकटपट्टी समोर असतात. सहीखाली नाव, नोंदणी क्रमांक आणि सही करतानाची तारीख-वेळ हवी. रात्री ९.५३ अशी मागची वेळ टाकणे म्हणजे खोटी नोंद.

डॉक्टरांना नोंद पटली नाही तर? समजा, दुसरा डोस आपण सांगितलाच नव्हता, असे त्यांना वाटते. तरीही सिस्टरांची नोंद खोडायची नाही. डॉक्टरांनी खाली स्वतंत्रपणे आपले म्हणणे वेळेसह लिहायचे. अशी दोन मते कागदावर राहणे गैरसोयीचे असते. मात्र, पुढच्या पाळीच्या डॉक्टरांना रुग्णाच्या शरीरात प्रत्यक्ष किती औषध गेले, ते त्यातूनच कळते. एएसव्ही पुन्हा सुरू करायची की नाही, किती सावकाश सोडायची आणि रुग्णावर किती वेळ लक्ष ठेवायचे, हे त्यावर ठरते.

नातेवाइकांना हे कागद मिळतात का?

हो. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या नियमावलीनुसार दाखल रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपावे लागतात आणि मागणी केल्यावर ७२ तासांत द्यावे लागतात. ते पाहताना ‘उशिरा नोंद’ हे शब्द दिसले, तर लगेच संशय घेण्याचे कारण नाही. इमर्जन्सीत तसेच होणे अपेक्षित आहे. पण पाच-सहा औषधांपुढे एकच वेळ, एकाच शाईत आणि एका दमात लिहिलेली दिसली किंवा तोंडी ऑर्डरपुढे डॉक्टरांची सहीच नसली, तर त्याबद्दल जरूर विचारावे.