ऐंशी बॉक्स कुणाचे?

तासगावचा एक बेदाणा व्यापारी आहे, असे समजू. फेब्रुवारीत त्याने पंधरा-पंधरा किलोचे ४०० बॉक्स ट्रकमध्ये भरले आणि नागपूरच्या इतवारीतल्या अडत्याकडे रवाना केले. ३१ मार्चला अडत्याची पट्टी आली. त्यात ३०० बॉक्स विकले, खर्च अमुक, आडत तमुक, येणे बाकी इतके, असे लिहिलेले. मुनीम पट्टी वहीत चढवतो, येणे रक्कम अडत्याच्या नावे टाकतो आणि हिशोब झाला म्हणतो. पण पाठवले ४०० आणि विकले ३००. उरलेले शंभर वहीत कुठे आहेत? या प्रश्नाचे उत्तर द्यायला जे खाते उघडतात, त्याला शाळेच्या पुस्तकात प्रेषण खाते म्हणतात आणि पेठेत कन्साइनमेंटचे खाते.

हा माल अडत्याने विकत घेतलेला नाही, एवढे एक पक्के धरले की पुढचे सगळे सोपे होते. तासगावहून ट्रक निघाला तेव्हा माल व्यापाऱ्याचा होता, नागपूरच्या गोदामात उतरला तेव्हाही त्याचाच होता. गिऱ्हाइकाने घेतला त्या क्षणी मालकी बदलते. म्हणून मालासोबत जो कागद जातो ते विक्रीचे बिल नसते, अडत्याला मालाची आणि अंदाजे भावाची कल्पना देणारे नमुना बीजक असते. अडत्याने आगाऊ तीन लाख पाठवले तर तीही विक्रीची रक्कम नसते, ती उचल. जीएसटीचा कायदा मात्र इथे वेगळ्या नजरेने पाहतो. अडत्या स्वतःच्या नावाने बिल फाडून माल विकत असेल, तर व्यापाऱ्याने त्याच्याकडे माल पाठवणे हाच कायद्याच्या दृष्टीने पुरवठा ठरतो आणि त्याचे करबिल द्यावे लागते. त्यामुळे अनेकांचा गोंधळ उडतो. करासाठी बिल फाडले म्हणजे नफा झाला, असे धरून ट्रक निघाल्या दिवशीच विक्री लिहिली जाते. करबिल फाडले तरी वहीत विक्री धरायची नसते. पुढचे आकडे कर बाजूला ठेवून मांडले आहेत.

बेदाण्याची खरेदी बॉक्समागे २,४०० रुपये, म्हणजे ४०० बॉक्सचे ९,६०,००० रुपये. ट्रकभाडे, भरण्याची हमाली आणि विमा मिळून २४,००० रुपये, बॉक्समागे ६०. म्हणजे नागपूरच्या वाटेवर असलेला एक बॉक्स व्यापाऱ्याला २,४६० रुपयांना पडला. हे दोन्ही आकडे प्रेषण खात्याच्या नावे बाजूला जातात.

वाटेत अवकाळी पावसाने गाठले. ताडपत्री फाटलेली होती, मागचे २० बॉक्स भिजले. भिजलेला बेदाणा आंबतो, त्याला गिऱ्हाईक नाही, तो टाकून द्यावा लागला. उरलेले ३८० बॉक्स उतरवून गोदामापर्यंत न्यायला अडत्याने ७,६०० रुपये खर्च केले, बॉक्समागे २० रुपये. पुढे गोदामभाडे आणि विक्रीचा किरकोळ खर्च ६,००० झाला. ३०० बॉक्स त्याने २,९०० रुपयांनी विकले, ८,७०,००० रुपये आले. त्याची आडत विक्रीवर ४ टक्के, म्हणजे ३४,८०० रुपये. शिवाय हमीची १ टक्का, ८,७०० रुपये.

या हमीच्या टक्क्याबद्दल जरा थांबून सांगावेसे वाटते, कारण तो पुष्कळांना जादाचा वाटतो. अडत्या उधारीवर माल देतो. समजा एखाद्या दुकानदाराने २५ बॉक्स उचलले आणि ७२,५०० रुपये बुडवले. हमी नसेल तर ते बुडीत व्यापाऱ्याच्या प्रेषण खात्यात येते, कारण माल त्याचा आणि उधारीही त्याचीच. हमी घेतली असेल तर वसुली ही अडत्याची डोकेदुखी. त्याला विक्रीची पूर्ण रक्कम द्यावीच लागते आणि व्यापाऱ्याच्या वहीत बुडीताची नोंदच येत नाही. पाचशे किलोमीटरहून दूर असलेल्या दुकानदाराची पत तासगावात बसून कळत नाही. तो टक्का या अज्ञानाचा विमा आहे.

आता त्या शंभर बॉक्सकडे. त्यातले ८० गोदामात आहेत, २० गेले. दोघांची किंमत वेगवेगळी निघते, आणि ती का वेगळी हे कळले की प्रेषण खाते कळले.

भिजलेल्या २० बॉक्सवर व्यापाऱ्याचा खर्च झाला तो वाट संपेपर्यंतचा. अडत्याच्या उतराईचे २० रुपये त्यांच्यावर पडलेच नाहीत. म्हणून त्यांची किंमत प्रत्येकी २,४६०, एकूण ४९,२०० रुपये. हेच बॉक्स नागपूरच्या गोदामात गळतीने भिजले असते तर उतराई धरून प्रत्येकी २,४८० धरावे लागले असते. ही रक्कम प्रेषण खात्याच्या जमा बाजूला लिहून अनपेक्षित नुकसानीच्या वेगळ्या खात्यात नेतात. विमा कंपनीने ४०,००० मंजूर केले तर ते तिच्याकडून येणे होतात आणि उरलेले ९,२०० थेट वर्षाच्या नफातोट्याला लागतात.

८० बॉक्स मात्र गोदामापर्यंत पोहोचले आहेत. त्यांना भाड्याचे ६० आणि उतराईचे २० दोन्ही लागले. प्रत्येकी २,४८० प्रमाणे १,९८,४०० रुपये हा शिल्लक माल. गोदामभाडे आणि आडत यात धरत नाहीत. माल विक्रीच्या जागी आणून ठेवेपर्यंतचा खर्च त्याच्या किमतीत मुरतो. तिथे पोहोचल्यानंतर तो सांभाळायला आणि विकायला जे लागते, त्याने मालाची किंमत वाढत नाही. आडत तर विकलेल्या मालावरचीच असते.

आता खाते बंद करू. नावे बाजूला माल, भाडे, उतराई, गोदाम खर्च आणि आडत मिळून १०,४१,१०० रुपये. जमा बाजूला विक्री, नुकसान आणि शिल्लक माल मिळून ११,१७,६०० रुपये. फरक ७६,५०० रुपये हा नफा. पडताळा सोपा आहे. विकलेल्या प्रत्येक बॉक्सवर २,९०० वजा २,४८०, म्हणजे ४२० रुपये सुटले. तीनशे बॉक्सचे १,२६,०००. त्यातून आडत आणि गोदाम खर्चाचे ४९,५०० गेले की ७६,५०० उरतात.

मुनिमाने शिल्लक मालाची नोंद विसरली आणि भिजलेले बॉक्सही बाजूला काढले नाहीत, तर हेच खाते १,७१,१०० रुपयांचा तोटा दाखवते. ही चूक इतकी मोठी असते की कुणाच्या तरी नजरेत भरतेच. मला जास्त भीती वाटते ती लहान दिसणाऱ्या चुकीची. शिल्लक माल बरोबर लिहिला, पण भिजलेले २० बॉक्स वेगळे काढलेच नाहीत, तर नफा २७,३०० दिसतो. विकलेल्या बॉक्समागे २५५ रुपयांऐवजी ९१. व्यापारी म्हणतो, नागपूरच्या बाजारात राम नाही, अडत्या बदलू किंवा माल इंदूरला पाठवू. अडत्याने तर भाव चांगला आणला होता. खोट फाटक्या ताडपत्रीत होती आणि वहीने दोष बाजाराला दिला. पावसाची शिक्षा अडत्याला मिळू नये, म्हणूनच ते नुकसान प्रेषण खात्यातून बाहेर काढायचे.

प्रत्येक घट मात्र अशी बाहेर काढायची नसते. गूळ वाटेत आणि गोदामात थोडा पाझरतो, हळद सुकते. ही तूट कुणाच्या चुकीने होत नाही, धंद्यातच ती धरलेली असते. समजा १,००० किलो माल ४९,५०० रुपयांना पडला आणि १० किलो नेहमीप्रमाणे तूट आली. त्या दहा किलोंचे वेगळे नुकसान लिहीत नाहीत. ४९,५०० रुपये उरलेल्या ९९० किलोंवर वाटतात आणि किलोचा पडता भाव ५० रुपये धरतात. नेहमीची तूट चांगल्या मालाने सोसायची, अचानक आलेली नुकसानीने. सीमारेषा कागदात नसते, मागच्या दहा-वीस ट्रकांच्या अनुभवात असते. त्यामुळे दर खेपेची तूट लिहून ठेवणाऱ्यालाच ती नीट ओढता येते.

शिल्लक मालाला आणखी एक कसोटी आहे. ३१ मार्चला बाजार २,३०० वर आला असेल तर त्यातून पाच टक्के आडत जाऊन हाती २,१८५ रुपयेच पडणार. मग ऐंशी बॉक्स २,४८० नी धरणे ही स्वतःची फसवणूक. पडता भाव आणि हाती येणारी रक्कम, यांतली कमी धरायची. तसे केले तर शिल्लक माल १,७४,८०० होतो आणि नफा २३,६०० ने उतरतो. भाव चढला म्हणून मात्र किंमत वाढवायची नाही. ऐंशी बॉक्स विक्रीच्या २,९०० नी लिहिले तर न झालेल्या विक्रीचा ३३,६०० रुपये नफा यंदाच दिसतो, आणि त्यावर आयकरही यंदाच भरावा लागतो.

नुकसानीचा आकडा कागदावर टिकायचा तर त्याची सुरुवात ट्रकपाशी होते. माल उतरवून घेताना बिल्टीवर भिजलेल्या बॉक्सची संख्या लिहून चालकाची सही घेतली नाही, तर नंतर माल गोदामात भिजला असे कुणीही म्हणू शकते. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवून पाहणी करून घ्यावी, तोवर भिजलेला माल फेकू नये. ट्रान्सपोर्टवाल्याकडून भरपाई मागायची असेल तर २००७ च्या रस्ते मालवाहतूक कायद्याप्रमाणे माल बुक केल्यापासून १८० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. नाहीतर दावाच उभा राहत नाही. खराब झालेल्या मालावर घेतलेले इनपुट टॅक्स क्रेडिटही परत करावे लागते, हे विसरले की वर्षांनी नोटीस येते.

अडत्याच्या खात्यात आता ८,७०,००० विक्री आहे. त्यातून त्याचा खर्च आणि आडत मिळून ५७,१०० वजा, उचलीचे ३,००,००० वजा. त्याच्याकडून ५,१२,९०० येणे राहिले. पट्टीच्या तळाशी हाच आकडा असेल तर रुपये जुळले. पण पट्टी हातात आली की मी रुपयांच्या आधी बॉक्स मोजतो. ३०० विकले, ८० शिल्लक, २० भिजले, बेरीज ४००. आणि ऐंशी शिल्लक आहेत ते पट्टीवरून मानत नाही, ३१ मार्चच्या तारखेचे गोदामातले मोजणीपत्र अडत्याकडून सहीनिशी मागवतो.